हंडा, वाट आणि नळ : यूएसबी रेकॉर्डिंगमधल्या तडतडीविषयी

एका रविवारी सकाळी माझ्या मावसबहिणीच्या मुलीनं दहा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग मला पाठवलं. घरीच गायलेला तोडीचा आलाप होता. आवाज छान लागला होता आणि खोलीही शांत होती. पण इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या सलग गुंजनात मधूनच बारीकसा ‘टक्’ उमटायचा, पुन्हा काही सेकंद काही नाही, मग लागोपाठ दोनदा ‘टक् टक्’. सोबत तिनं विचारलं होतं, “मामा, माइक बिघडलाय का? नवा घेऊ?”

माइक बिघडला नव्हता. तो बिघडला नव्हता हे कशावरून ओळखायचं, मग बिघडलं काय होतं आणि ते कोणत्या क्रमानं शोधायचं, यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. घरी लॅपटॉपला यूएसबी ऑडिओ इंटरफेस जोडून गाणं, वाचन, कीर्तन किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही तडतड कधी ना कधी भेटते. तेव्हा जो तो एकच उपाय सांगतो, ‘बफर वाढवा.’ बऱ्याचदा तो लागू पडतो. जिथं पडत नाही, तिथं लोक माइक बदलतात, केबल बदलतात, शेवटी इंटरफेस विकून टाकतात, आणि नव्या इंटरफेसमध्येही तोच ‘टक्’ ऐकू येतो. माझं सांगणं थोडक्यात असं आहे : तडतड हा आवाजातला दोष नसून वेळेतला दोष आहे, आणि वेळ तीन वेगवेगळ्या ठिकाणी चुकू शकते. ती कुठं चुकते हे आधी ऐकून ठरवावं, मगच सेटिंगला हात लावावा.

मी तिला पहिल्यांदा सांगितलं की इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण चालू कर आणि हेडफोन थेट इंटरफेसला लावून गा. या बटणामुळं माइकचा आवाज संगणकाची वारी न करता इंटरफेसमधूनच कानात येतो. माइकची तार सैल असेल किंवा जॅक गंजला असेल, तर खरखर या वाटेनंही ऐकू येते आणि तार हलवली की वाढते. तिच्या कानात गाताना एकही ‘टक्’ आला नाही. त्याच वेळी झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो होता. म्हणजे आवाज इंटरफेसपर्यंत धड पोहोचत होता आणि त्याच्या पुढं तुटत होता.

दुसरी परीक्षा होती तोच तुकडा दोनदा वाजवण्याची. दोन्ही वेळा ‘टक्’ त्याच जागी आला तर तो फाइलमध्ये कोरला गेला आहे. दर वेळी जागा बदलत असेल तर फाइल शाबूत आहे आणि गडबड वाजवताना होते आहे. तिचा ‘टक्’ जागचा हलत नव्हता. त्या जागी लहरीचं चित्र खूप मोठं करून पाहिलं, तर तानपुऱ्याची गोलाईदार रेघ चालता चालता एकदम उभी तुटलेली दिसली आणि पुढची रेघ वेगळ्याच उंचीवरून सुरू होत होती. मधले काही नमुने नाहीसे झाले होते आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना चिकटली होती. कानाला ‘टक्’ म्हणून ऐकू येतो तो हा सांधा. तानपुऱ्यासारख्या सलग नादात तो लगेच उघडा पडतो. बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये असे कितीतरी सांधे ‘त’ आणि ‘ट’च्या आड लपून जातात.

हे नमुने नाहीसे कसे होतात, हे समजायला घरातला नळ पुरतो. समजा, नळाला न थांबणारी धार आहे आणि तुमच्याकडं दोन हंडे आहेत. एक नळाखाली भरतोय तोवर दुसरा घरात नेऊन ओतायचा आणि पहिला काठोकाठ होण्याआधी परत यायचं. उशीर झाला तर पाणी सांडणार. धार तुमच्यासाठी थांबणार नाही आणि सांडलेलं पाणी परत मिळणार नाही. यातला हंडा म्हणजे बफर, नळापासून घरापर्यंतची वाट म्हणजे ड्रायव्हर आणि नळाची नळी म्हणजे यूएसबीची जोडणी. पुस्तिकेचे तीन भाग याच तीन गोष्टींवर आहेत.

आधी हंडा. ध्वनिमुद्रणात सेकंदाला सहसा ४८,००० नमुने घेतले जातात. बफर १२८ नमुन्यांचा ठेवला तर हंडा २.६७ मिलिसेकंदांत भरतो, म्हणजे संगणकाला सेकंदातून ३७५ वेळा वेळेवर नळाशी हजर व्हावं लागतं. २५६ ला ५.३३ मिलिसेकंदांची सवड मिळते, ५१२ ला १०.६७ आणि १०२४ ला २१.३३. हंडा मोठा तितकी सवड जास्त, पण तितकंच पाणी घरी उशिरा पोहोचतं. आवाज आत येताना एकदा थांबतो आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा, म्हणून २५६ च्या बफरला कानापर्यंतचा उशीर अकरा मिलिसेकंदांच्या थोडा वरच जातो. १०२४ ला तो चाळीसच्या पुढं जातो आणि आपलाच आवाज मागून आल्यासारखा वाटून गाणारा अडखळतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. “माझा प्रोसेसर तर १५ टक्केच वापरात दिसतो, मग तडतड कशी?” हा प्रश्न मला वारंवार विचारतात. तो आकडा सरासरीचा असतो. दिवसभर रिकामा असलेला माणूस नेमका हंडा भरताना फोनवर बोलत राहिला, तरी पाणी सांडतंच. विंडोजमध्ये वायफाय, ग्राफिक्स किंवा बॅटरीची देखरेख करणारे ड्रायव्हर काही क्षण प्रोसेसर स्वतःकडं अडवून धरतात आणि तेवढा वेळ ऑडिओला थांबावं लागतं. हा अडवणुकीचा सर्वांत लांब क्षण किती होता आणि तो कोणत्या ड्रायव्हरनं खाल्ला, हे `LatencyMon` नावाचा छोटा प्रोग्रॅम दाखवतो. भाचीच्या लॅपटॉपवर तो दहा मिनिटं चालवला, तर यादीत सर्वांत वर `ndis.sys` होतं, म्हणजे नेटवर्कचं काम, आणि लांबात लांब क्षण तीन मिलिसेकंदांच्या आसपास होता. तिचा बफर होता १२८ चा. सवड २.६७ मिलिसेकंदांची आणि अडवणूक तीनची, तेव्हा कधीतरी पाणी सांडणार हे उघडच होतं.

एवढं कळल्यावर बफर वाढवून मोकळं होण्याचा मोह होतो. आम्ही बफर वाढवला, पण मोजून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दर वेळी तोच तानपुरा दहा मिनिटं रेकॉर्ड करायचा, ‘टक्’ मोजायचे आणि वहीत लिहायचे. सुरुवातीच्या मांडणीत २३ ‘टक्’ आले होते. बफर १२८ वरून थेट १०२४ वर नेला, तेव्हा १७ आले. पुस्तिकेतल्या सर्व नोंदींमध्ये मला ही नोंद सर्वांत बोलकी वाटते. दोष फक्त सवडीचा असता तर आठपट सवड दिल्यावर आकडा शून्यावर यायला हवा होता. सहाच कमी झाले. म्हणजे पाणी दोन ठिकाणी सांडत होतं, आणि सतरा वेळा ते हंड्यापर्यंत पोहोचण्याआधीच सांडत होतं. नळीच फुटकी असेल तर हंडा कितीही मोठा आणला तरी काय उपयोग?

मग आम्ही वाटेकडं वळलो. विंडोजमध्ये आवाज नेण्याच्या वाटा अनेक आहेत. नेहमीच्या वाटेवर मध्ये एक चौक लागतो. तिथं ब्राउझरचा आवाज, सूचनांची घंटी आणि तुमचं रेकॉर्डिंग असं सगळं एकत्र येतं आणि गरज पडली तर नमुन्यांचा वेगही बदलला जातो. सिनेमा पाहायला ही वाट उत्तम आहे. रेकॉर्डिंगसाठी हा चौक टाळणारी वाट हवी, म्हणून स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ मध्ये `ASIO` आणलं. त्यात रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम इंटरफेसच्या ड्रायव्हरशी थेट बोलतो. पुढं विंडोजनंही `WASAPI` दिलं, आणि त्याच्या `exclusive` प्रकारात उपकरण एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात राहतं.

भाचीच्या प्रोग्रॅममध्ये निवडलेलं होतं `ASIO4ALL`. नावात ASIO असल्यामुळं हाच खरा ड्रायव्हर असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ते एक दुभाषी आहे. ज्या उपकरणाला स्वतःचा ASIO ड्रायव्हर नाही, उदाहरणार्थ लॅपटॉपचं अंगचं साउंड कार्ड, त्याच्या विंडोजमधल्या ड्रायव्हरवर ते ASIO चा मुखवटा चढवतं. तिथं त्याचा उपयोग मोठा आहे. पण ज्या इंटरफेससोबत निर्मात्यानं स्वतःचा ड्रायव्हर दिला आहे, तिथं दुभाषी मध्ये उभा करण्याचं कारण नाही. आम्ही निर्मात्याचा ड्रायव्हर बसवला आणि पुन्हा दहा मिनिटं मोजलं. १७ चे १६ झाले. याला फरक म्हणता येत नाही. तरीही ड्रायव्हर बदलणं वाया गेलं नव्हतं. त्याची किंमत कळायला आधी नळी दुरुस्त व्हावी लागणार होती.

आता नळी. यूएसबीवरून फाइल पाठवताना एखादा तुकडा बिघडला तर संगणक तो पुन्हा मागवतो. थोडा उशीर होतो, पण फाइल पूर्ण येते. आवाजाला ही चैन परवडत नाही. तो ज्या पद्धतीनं पाठवला जातो तिचं नाव आयसोक्रोनस, म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेला वाटा. यूएसबी २.० च्या वेगवान जोडणीत सेकंदाचे ८,००० भाग पडतात आणि त्यांत आवाजासाठी जागा राखून ठेवलेली असते. वेळेची हमी मिळते, पण बिघडलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही. तो गेला की गेला, आणि लहरीत सांधा पडतो.

‘एकाच पोर्टवर फार उपकरणं लावली की यूएसबीचा वेग पुरत नाही आणि तडतड होते’ असं सरसकट सांगितलं जातं. हिशेब करून पाहू. दोन चॅनेल, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, सेकंदाला ४८,००० नमुने. हे एका दिशेला २३ लाख बिटांच्या आसपास जातं. यूएसबी २.० ची क्षमता ४८ कोटी बिटांची. आवाज त्यात अर्धा टक्काही जागा घेत नाही. शिवाय जागा खरोखरच उरली नसेल तर राखीव वाटा नाकारला जातो आणि उपकरण सहसा सुरूच होत नाही. ते सुरू होऊन अधूनमधून तडतडत असेल, तर जागेच्या टंचाईपेक्षा दुसऱ्या तीन गोष्टींचा संशय आधी घ्यावा : वीज, हब आणि केबल.

भाचीच्या टेबलावर चार तोंडांचा एक साधा यूएसबी २.० हब होता. त्याला स्वतःचा वीजपुरवठा नव्हता. त्यावर इंटरफेस होता, वेबकॅम होता आणि फिरती तबकडी असलेली एक पोर्टेबल हार्ड डिस्क होती. रेकॉर्डिंग त्याच डिस्कवर साठत होतं. असा हब जी वीज वाटतो ती सगळी लॅपटॉपच्या एकाच पोर्टमधून येते आणि यूएसबी २.० च्या पोर्टची ठरलेली मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा चालू केला की इंटरफेसची भूक वाढते. त्याच वेळी डिस्क लिहायला लागली की तीही घोटभर जास्त ओढते. क्षणभर व्होल्टेज खाली येतं, तारेवरचे तुकडे बिघडतात, आणि पुन्हा मागवायची सोय नसल्यामुळं ते तसेच हरवतात.

हा तर्क खरा की खोटा, हे डिस्कवरच्या दिव्यानं सांगितलं. रेकॉर्डिंग चालू ठेवून मी तिला दिव्याकडं बघायला लावलं. दिवा लुकलुकला ती वेळ ती कागदावर टिपत गेली. नंतर फाइलमध्ये पाहिलं, तर बहुतेक ‘टक्’ त्या टिपलेल्या वेळांच्या आसपासच पडले होते. इंटरफेस हबवरून काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये आखूड केबलनं थेट लावला आणि रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर घेतलं. दहा मिनिटांत शून्य.

‘दुसऱ्या बाजूचा पोर्ट’ मी मुद्दाम म्हटलं. शेजारशेजारची दोन भोकं दिसायला वेगळी असली तरी आत एकाच हबला जोडलेली असू शकतात. लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा आणि ब्लूटूथही पुष्कळदा आतून यूएसबीवरच असतात. कोण कोणासोबत बसलं आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. विंडोजमध्ये `Device Manager` उघडून `View` मधून `Devices by connection` निवडलं की झाडासारखी रचना दिसते. मॅकवर `System Information` मधल्या `USB` खाली ती सापडते आणि लिनक्सवर या आज्ञेनं :

```
lsusb -t
```

या झाडात इंटरफेसची फांदी शक्यतो एकटी असावी. ती एकटी ठेवणं जमतच नसेल, तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा आणि डिस्क त्यावर न्यावी. इंटरफेस मात्र थेटच ठेवावा.

नळी दुरुस्त झाल्यावर आम्ही मागं फिरून पुन्हा मोजलं. बफर १२८ वर आणला तर चार ‘टक्’ परत आले, आणि वायफाय बंद केलं की गेले. वायफाय चालू ठेवून २५६ वर निर्मात्याच्या ड्रायव्हरनं शून्य दिलं. त्याच २५६ वर पुन्हा `ASIO4ALL` लावून पाहिलं, तेव्हा तीन आले. सोळा-सतरा ‘टक्’च्या गर्दीत ड्रायव्हरचा जो फरक दिसत नव्हता, तो आता स्वच्छ दिसला. मोठा दोष छोट्या दोषाला झाकून ठेवतो. म्हणून एखादा उपाय एकदा निष्फळ ठरला की त्याच्यावर कायमची काट मारू नये. मोठं कारण दूर झाल्यावर तो पुन्हा तपासावा.

शेवटी भाचीनं बफर ५१२ वर ठेवला आणि डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवलं. तिला स्वतःचा आवाज इंटरफेसमधूनच ऐकू येतो, त्यामुळं हंडा मोठा असल्याचा तिला काहीच त्रास नाही. लहान बफरची खरी गरज असते ती संगणकात तयार होणारा आवाज वाजवताना ऐकायचा असेल तेव्हा, म्हणजे कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधला पियानो वाजवताना किंवा गाताना प्रोग्रॅममधला रिव्हर्ब कानात हवा असताना. नुसतं गायचं किंवा वाचायचं असेल, तर बफर लहान ठेवण्याची जिद्द सोडून द्यावी.

या प्रकरणात न आलेली एक जात सांगायला हवी, कारण ती वरच्या तिन्ही भागांत बसत नाही. भाचीचे ‘टक्’ अनियमित होते. ते घड्याळ लावल्यासारखे ठरावीक अंतरानं येत असतील, तर घड्याळाचाच संशय घ्यावा. यूएसबी माइकवरून आत घ्यायचं आणि लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून बाहेर काढायचं ठरवलं, की दोन उपकरणांची दोन स्वतंत्र घड्याळं होतात. त्यांच्यात दहा लाखांत वीस एवढा किरकोळ फरक असला, तरी ४८,००० च्या वेगाला सेकंदामागं जवळपास एक नमुना कमी किंवा जास्त होतो. तो साचत जातो आणि ठरावीक काळानं हंडा एकतर ओसंडतो किंवा कोरडा पडतो. इंटरफेसचं घड्याळ डिजिटल इनपुटवर ठेवलेलं आहे आणि तिथं काहीच जोडलेलं नाही, असंही होतं. अशा वेळी बफर वाढवल्यानं दोन ‘टक्’मधलं अंतर वाढू शकतं, दोष जात नाही. आत आणि बाहेर एकच उपकरण ठेवावं, घड्याळ `Internal` वर ठेवावं आणि सगळीकडं नमुन्यांचा वेग एकच ठेवावा.

आणि एक मर्यादाही. सगळं नीट करूनही तडतड उरू शकते, कारण कधी कधी वेळ चुकवणारी ऑपरेटिंग सिस्टिमच असते. २०१८ मध्ये आलेल्या काही मॅकवर यूएसबी ऑडिओ तुटत असल्याच्या तक्रारी होत्या. २०१९ च्या मार्चमधल्या macOS १०.१४.४ च्या सुधारणांच्या यादीत त्या मॉडेलांवरच्या यूएसबी ऑडिओ उपकरणांची विश्वासार्हता वाढवल्याची नोंद अॅपलनं केली. त्याआधीच्या महिन्यांत किती जणांनी आपला चांगला इंटरफेस दोषी धरला असेल, याची कल्पना करवत नाही. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी ‘इथं थांबा’ असा मजकूर दिला आहे. तिथपर्यंतच्या परीक्षा निकामी ठरल्या, तर दोष तुमच्या टेबलावर नाही असं समजावं आणि अपडेटची वाट पाहावी किंवा दुसऱ्या संगणकावर तोच इंटरफेस लावून खात्री करावी.

पुस्तिका वाचताना तीन गोष्टी जवळ ठेवा : आपला इंटरफेस, सलग वाजणारा एखादा नाद आणि वही. नादासाठी तानपुऱ्याचं यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर फोनवरचा तानपुराही चालेल. सेटिंगची पानं मागाहून येतात, कारण आधी दहा मिनिटं ऐकून आकडा लिहायचा आहे. तो आकडा लिहिल्याशिवाय पुढचं पान उलटू नका.

भाचीची वही माझ्याकडं आहे. तिच्यात २३, १७, १६, ०, ४, ०, ०, ३ असे आकडे एकाखाली एक आहेत आणि शेवटच्या ओळीत ५१२ च्या पुढं पुन्हा शून्य. त्या शून्याच्या दिवशी तिनं गायलेली तोडी मी पूर्ण ऐकली. तानपुरा कुठंही तुटत नव्हता. माइक तोच होता.